मासिक विक्रीवरून हंगामी निर्देशांक हाताने कसे काढावेत आणि आकड्यातून हंगाम कसा वगळावा

डिसेंबरात ५४३ नग विकले गेले आणि जानेवारीत ४३८. विक्री १०५ नगांनी, म्हणजे सुमारे १९ टक्क्यांनी उतरली. ही घसरण खरी आहे की दरवर्षी जानेवारीत विक्री उतरतेच म्हणून ती उतरली, हे या दोन आकड्यांकडे कितीही वेळ पाहिले तरी कळणार नाही. त्यासाठी जानेवारी महिना सामान्यतः किती खाली असतो, हे एका संख्येत सांगता आले पाहिजे. ती संख्या म्हणजे त्या महिन्याचा हंगामी निर्देशांक. सरासरी महिना १०० मानला आणि जानेवारीचा निर्देशांक ८० आला, तर जानेवारीत एरवीच्या पातळीच्या ८० टक्के विक्री होते, एवढाच त्याचा अर्थ.

निर्देशांक काढण्याच्या अनेक रीती आहेत. या लेखात सरकत्या सरासरीशी गुणोत्तर काढण्याची रीत घेतली आहे, कारण ती कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर एवढ्यावर पूर्ण होते आणि तिच्यातील प्रत्येक पायरी तपासून पाहता येते. अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने १९६५ मध्ये तयार केलेली एक्स-११ ही संगणकीय पद्धतही याच कल्पनेवर उभी होती. तिथे हीच कृती अनेक फेऱ्यांत आणि बारीक दुरुस्त्यांसह केली जाते.

आधी आकडे

या रीतीला सलग तीन वर्षांची, म्हणजे ३६ महिन्यांची विक्री किमान लागते. चार-पाच वर्षांची असेल तर अधिक चांगले. मात्र फार जुनी वर्षे ओढून आणू नयेत, कारण ग्राहकांच्या सवयी बदलल्या असतील तर जुना हंगाम आजच्या आकड्याला लागू पडत नाही. विक्री शक्यतो नगांत घ्यावी. पैशांत घेतली, तर मध्येच झालेली दरवाढ आकड्यात मिसळते आणि विक्री वाढली की दर वाढला, हे वेगळे करता येत नाही.

उदाहरणासाठी पुढील काल्पनिक आकडे घेऊ. लेखातील सर्व हिशोब याच तक्त्यावरून केलेला आहे, म्हणून वाचताना तो स्वतः करून पाहता येईल.

| महिना | वर्ष १ | वर्ष २ | वर्ष ३ |
|---|---|---|---|
| जानेवारी | ३२२ | ३६० | ३९४ |
| फेब्रुवारी | ३१२ | ३५० | ३९३ |
| मार्च | ३७८ | ४१६ | ४६७ |
| एप्रिल | ४२५ | ४८२ | ५२५ |
| मे | ४९४ | ५४५ | ६०८ |
| जून | ४०५ | ४५२ | ४९२ |
| जुलै | ३५३ | ३९९ | ४४० |
| ऑगस्ट | ३८८ | ४२५ | ४७० |
| सप्टेंबर | ४३८ | ४९४ | ५३५ |
| ऑक्टोबर | ५७१ | ६२४ | ६९५ |
| नोव्हेंबर | ५५० | ६१९ | ६७२ |
| डिसेंबर | ४४६ | ४९० | ५४३ |
| एकूण | ५०८२ | ५६५६ | ६२३४ |

नवशिक्याला पहिल्यांदा सुचणारी रीत अशी असते: तिन्ही जानेवारींची बेरीज करावी, तशीच प्रत्येक महिन्याची करावी, आणि प्रत्येक बेरजेला बारा बेरजांच्या सरासरीने भागावे. येथे जानेवारींची बेरीज १०७६ आहे, बारा बेरजांची सरासरी १४१४.३ आहे, म्हणून जानेवारीचा निर्देशांक ७६.१ येतो. डिसेंबरचा याच रीतीने १०४.६ येतो. ही रीत सोपी आहे, पण आपल्या तक्त्यासाठी चुकीची आहे. विक्री दर महिन्याला थोडी थोडी वाढत असल्यामुळे वर्षाच्या शेवटी येणारा डिसेंबर केवळ शेवटी येतो म्हणून मोठा दिसतो, आणि जानेवारी केवळ आधी येतो म्हणून लहान. वाढीचा कल अशा प्रकारे हंगामाच्या खात्यात जमा होतो. तो आधी बाजूला काढावा लागतो आणि ते काम सरकती सरासरी करते. पुढे दिसेल की खरे निर्देशांक जानेवारीसाठी ८०.० आणि डिसेंबरसाठी १००.० आहेत, म्हणजे सोप्या रीतीची चूक चार-साडेचार अंकांची आहे.

पहिली पायरी: बारा महिन्यांच्या सरकत्या बेरजा

सलग बारा महिने घेतले की त्यांत प्रत्येक महिना नेमका एकदा येतो. चढे महिने आणि उतरते महिने एकाच बेरजेत आल्यामुळे हंगाम आपोआप पुसला जातो आणि उरते ती फक्त सर्वसाधारण पातळी. बारा हीच संख्या का, याचे उत्तर हे आहे. दहा किंवा तेरा महिने घेतले तर एखादा महिना सुटेल किंवा दोनदा येईल, आणि हंगाम बेरजेत शिल्लक राहील.

पहिली बेरीज वर्ष १ च्या जानेवारी ते डिसेंबरची, म्हणजे ५०८२. दुसरी बेरीज वर्ष १ च्या फेब्रुवारीपासून वर्ष २ च्या जानेवारीपर्यंतची. ती पुन्हा पहिल्यापासून करण्याची गरज नसते. जुना जानेवारी (३२२) वजा करावा आणि नवा जानेवारी (३६०) मिळवावा: ५०८२ − ३२२ + ३६० = ५१२०. तिसऱ्या बेरजेसाठी ३१२ वजा आणि ३५० अधिक, म्हणजे ५१५८. असे एक-एक महिना पुढे सरकत जावे. छत्तीस महिन्यांतून अशा २५ बेरजा निघतात.

या पायरीत एका ठिकाणी झालेली चूक पुढच्या प्रत्येक बेरजेत उतरते, म्हणून तपासणी वाटेतच करावी. तेरावी बेरीज वर्ष २ च्या जानेवारी ते डिसेंबरची असते, तेव्हा ती तक्त्याच्या तळाशी लिहिलेल्या ५६५६ शी तंतोतंत जुळली पाहिजे. पंचविसावी ६२३४ शी जुळली पाहिजे. तेरावी जुळली आणि पंचविसावी जुळली नाही, तर चूक या दोहोंच्या मधल्या बारा ओळींत आहे, हे लगेच कळते.

दुसरी पायरी: सरासरी महिन्यासमोर आणणे

या पायरीत सर्वाधिक गोंधळ होतो, म्हणून ती सावकाश पाहू. जानेवारी ते डिसेंबर या बारा महिन्यांचा मध्य जून आणि जुलै यांच्या सीमेवर येतो, कोणत्याही एका महिन्यावर येत नाही. पुढच्या बेरजेचा, म्हणजे फेब्रुवारी ते जानेवारीचा मध्य जुलै आणि ऑगस्ट यांच्या सीमेवर येतो. या दोन बेरजा एकत्र घेतल्या तर त्यांचा मध्य बरोबर जुलैच्या मधोमध पडतो. म्हणून शेजारच्या दोन बेरजा मिळवाव्यात आणि २४ ने भागावे. जो आकडा येईल ती जुलैची मध्यस्थ सरकती सरासरी होय.

आपल्या तक्त्यात वर्ष १ च्या जुलैसाठी ५०८२ + ५१२० = १०२०२, आणि १०२०२ ÷ २४ = ४२५.१. ऑगस्टसाठी ५१२० + ५१५८ = १०२७८, आणि त्याला २४ ने भागून ४२८.३. भाजक २४ कसा आला, हे मोजून पाहता येते: पहिला जानेवारी एकाच बेरजेत आहे, फेब्रुवारी ते डिसेंबर हे अकरा महिने दोन्ही बेरजांत आहेत, आणि पुढचा जानेवारी एकाच बेरजेत आहे. एक, बावीस आणि एक मिळून चोवीस.

वहीवर हे काम करताना एक सोय करावी. महिने एका ओळीआड लिहावेत, बेरजा दोन महिन्यांच्या मधल्या रिकाम्या ओळीवर लिहाव्यात, आणि मध्यस्थ सरासरी पुन्हा महिन्याच्या ओळीवर आणावी:

| ओळ | विक्री | बारा महिन्यांची बेरीज | मध्यस्थ सरासरी |
|---|---|---|---|
| जून, वर्ष १ | ४०५ | | |
| (मधली ओळ) | | ५०८२ | |
| जुलै, वर्ष १ | ३५३ | | ४२५.१ |
| (मधली ओळ) | | ५१२० | |
| ऑगस्ट, वर्ष १ | ३८८ | | ४२८.३ |
| (मधली ओळ) | | ५१५८ | |

अशी मांडणी केली की कोणती सरासरी कोणाची, हा प्रश्न उरत नाही. वर्ष १ चे पहिले सहा महिने आणि वर्ष ३ चे शेवटचे सहा महिने यांना मध्यस्थ सरासरी मिळत नाही, कारण त्यांच्या एका बाजूला पुरेसे महिने नसतात. छत्तीसपैकी चोवीस महिनेच हाती लागतात. त्या रिकाम्या जागा अंदाजाने भरू नयेत.

तिसरी पायरी: गुणोत्तरे

आता प्रत्येक महिन्याच्या प्रत्यक्ष विक्रीला त्याच्याच ओळीवरच्या मध्यस्थ सरासरीने भागावे आणि १०० ने गुणावे. वर्ष १ चा जुलै: ३५३ ÷ ४२५.१ × १०० = ८३.०. वर्ष २ चा जुलै: ३९९ ÷ ४७२.८ × १०० = ८४.४. दोन्ही वर्षी जुलै आपल्या काळाच्या पातळीपेक्षा सोळा-सतरा टक्क्यांनी खाली आहे. प्रत्यक्ष विक्री ३५३ वरून ३९९ झाली, तरी गुणोत्तर जवळपास तेथेच राहिले, कारण वाढ भाजकातही आली आहे.

चोवीस गुणोत्तरे महिन्यांनुसार शेजारी शेजारी लिहावीत आणि प्रत्येक महिन्याच्या दोन गुणोत्तरांची सरासरी काढावी. जानेवारी ते जून या महिन्यांची गुणोत्तरे वर्ष २ आणि ३ ची असतील, तर जुलै ते डिसेंबरची वर्ष १ आणि २ ची.

| महिना | पहिले गुणोत्तर | दुसरे गुणोत्तर | सरासरी | अंतिम निर्देशांक |
|---|---|---|---|---|
| जानेवारी | ८०.४ | ७९.५ | ७९.९५ | ८०.० |
| फेब्रुवारी | ७७.६ | ७८.७ | ७८.१५ | ७८.२ |
| मार्च | ९१.४ | ९२.८ | ९२.१० | ९२.१ |
| एप्रिल | १०४.८ | १०३.४ | १०४.१० | १०४.१ |
| मे | ११७.३ | ११८.५ | ११७.९० | ११७.९ |
| जून | ९६.३ | ९५.१ | ९५.७० | ९५.७ |
| जुलै | ८३.० | ८४.४ | ८३.७० | ८३.७ |
| ऑगस्ट | ९०.६ | ८९.३ | ८९.९५ | ९०.० |
| सप्टेंबर | १०१.५ | १०२.९ | १०२.२० | १०२.२ |
| ऑक्टोबर | १३१.२ | १२९.० | १३०.१० | १३०.१ |
| नोव्हेंबर | १२५.० | १२६.८ | १२५.९० | १२५.९ |
| डिसेंबर | १००.५ | ९९.५ | १००.०० | १००.० |

चौथी पायरी: बेरीज १२०० वर आणणे

सरासरी महिना १०० असेल, तर बारा निर्देशांकांची बेरीज १२०० असली पाहिजे. आपल्या सरासऱ्यांची बेरीज ११९९.७५ आहे. म्हणून १२०० ÷ ११९९.७५ = १.०००२ या गुणकाने प्रत्येक सरासरीला गुणावे. येथे गुणक एकाच्या इतका जवळ आहे की बदल दुसऱ्या दशांश स्थळी होतो. तरीही ही पायरी गाळू नये. बेरीज १२०० हून वेगळी राहिली, तर हंगाम वगळलेल्या आकड्यांची सर्वसाधारण पातळीच मूळ विक्रीपेक्षा वर किंवा खाली सरकते. अंतिम रकान्यात एक दशांश स्थळापर्यंतचे आकडे दिले असल्याने त्यांची बेरीज ११९९.९ भरते. एवढा फरक पूर्णांकनामुळे पडतो आणि तो सोडून द्यावा.

ही बेरीज तपासणीसाठीही उपयोगी पडते. एखाद्याने दुसऱ्या पायरीत सगळ्या मध्यस्थ सरासऱ्या एक ओळ वर लिहिल्या, म्हणजे जुलैची सरासरी जूनसमोर गेली, तर या तक्त्यात प्रत्येक भाजक सुमारे चार नगांनी मोठा होतो आणि बेरीज ११९० च्या आसपास येते. दहा अंकांची तूट दिसली की गुणक लावून पुढे जाण्याऐवजी आधी ओळी जुळतात का ते पाहावे.

बेरीज बरोबर असूनही चूक राहते तेव्हा

मात्र एक चूक अशी आहे की जी या बेरजेत दिसत नाही, आणि माझ्या मते हाताने निर्देशांक काढणाऱ्याने सर्वांत जास्त सावध राहावे ते याच ठिकाणी. समजा वर्ष २ च्या एप्रिलमध्ये एका ग्राहकाने एकदाच, पुन्हा कधीही न येणारी १२० नगांची मोठी मागणी केली आणि विक्री ४८२ ऐवजी ६०२ नोंदली गेली. हे १२० नग दोन बेरजांत प्रत्येकी एकदा, म्हणजे २४० म्हणून येतात, आणि २४ ने भागल्यावर एप्रिलची मध्यस्थ सरासरी १० ने वाढून ४६९.७ होते. एप्रिलचे गुणोत्तर १०४.८ वरून १२८.२ वर जाते.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. आधीचे पाच आणि नंतरचे पाच महिने यांच्याही सरासरीत हे १२० नग पूर्ण वजनाने बसलेले असतात, तेव्हा त्या दहा महिन्यांचे भाजक प्रत्येकी १० ने फुगतात. वर्ष २ च्या मे महिन्याचे गुणोत्तर ११७.३ ऐवजी ११४.८ येते, वास्तविक मे महिन्यात काहीही वेगळे घडलेले नसते. एप्रिल जेवढा वर जातो, जवळपास तेवढेच बाकीचे महिने मिळून खाली येतात, आणि बारा सरासऱ्यांची बेरीज तरीही १२०० च्या अगदी जवळ राहते.

ही गडबड ओळखायची ती शेजारच्या रकान्यावरून. एप्रिलची दोन गुणोत्तरे १२८.२ आणि १०३.४ अशी दिसतील. बाकी सर्व महिन्यांत दोन गुणोत्तरांमधला फरक फार तर साडेचार अंकांचा असताना एकाच महिन्यात तो पंचवीसचा असेल, तर सरासरी काढण्याआधी त्या महिन्याची विक्रीवही उघडून कारण शोधावे. दोनच गुणोत्तरे असताना त्यांपैकी चुकीचे कोणते, हे केवळ आकडे पाहून ठरत नाही. पाच वर्षांची विक्री असेल तर प्रत्येक महिन्याची चार गुणोत्तरे मिळतात, त्यांतील सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान सोडून उरलेल्यांची सरासरी घेता येते, आणि अशा एखाद्या महिन्याची झळ बरीच कमी होते.

कारण सापडले तर दुरुस्ती मुळात करावी. एकदाच आलेली मागणी विक्रीतून वजा करून ४८२ हा आकडा घ्यावा आणि सरकत्या बेरजा पुन्हा कराव्यात. माल संपल्यामुळे विक्री बुडाली असेल, तर त्या महिन्यासाठी वाजवी अंदाज घालावा आणि वहीत तसे लिहून ठेवावे. फक्त एप्रिलचे गुणोत्तर खोडून टाकणे पुरेसे नाही, कारण शेजारच्या दहा महिन्यांचे भाजक तसेच फुगलेले राहतात.

आकड्यातून हंगाम वगळणे

निर्देशांक हाती आल्यावर आपण सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. हंगाम वगळायचा असेल तर प्रत्यक्ष विक्रीला निर्देशांकाने भागावे आणि १०० ने गुणावे. चौथ्या वर्षाच्या जानेवारीत ४३८ नग गेले. ४३८ ÷ ८०.० × १०० = ५४७.५. डिसेंबरचा निर्देशांक १००.० असल्याने तेथील ५४३ हा आकडा ५४३ च राहतो. म्हणजे हंगाम वगळल्यावर ५४३ नंतर ५४८ आले. जी घसरण १९ टक्क्यांची दिसत होती ती सगळी जानेवारीपणाची होती.

येथे थोडा संयम लागतो. ५४३ वरून ५४८ ही वाढ झाली, असे लिहिण्याचा मोह होतो, पण फरक एका टक्क्याच्या आत आहे. गुणोत्तरांच्या तक्त्यात दिसते की एकाच महिन्याची दोन गुणोत्तरे आपल्या सरासरीपासून अर्धा ते एक अंक इकडे-तिकडे आहेत. तेवढी अनिश्चितता निर्देशांकातच असताना एक टक्क्याच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. जानेवारीत विक्रीची पातळी घसरलेली नाही, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते.

भागावे की गुणावे, यात नवशिक्यांची गल्लत होते. उतरत्या महिन्यातून हंगाम वगळला की आकडा वर गेला पाहिजे आणि चढ्या महिन्यातून वगळला की खाली आला पाहिजे. जानेवारी ४३८ वरून ३५० वर गेला, तर भागायच्या ऐवजी गुणले गेले आहे.

निर्देशांक नीट आले आहेत का, हे पाहण्याची शेवटची आणि सर्वांत समाधान देणारी तपासणी म्हणजे संपूर्ण वर्षाची विक्री हंगाममुक्त करून पाहणे. वर्ष ३ चे महिने जानेवारीपासून क्रमाने असे येतात: ४९३, ५०३, ५०७, ५०४, ५१६, ५१४, ५२६, ५२२, ५२३, ५३४, ५३४, ५४३. मूळ तक्त्यात हेच वर्ष ३९३ ते ६९५ असे हेलकावे घेत होते. आता त्यात फक्त हळूहळू चढणारी रेषा आणि किंचित थरथर उरली आहे. तिन्ही वर्षे अशी हंगाममुक्त केल्यावर एखादा महिना दरवर्षी त्याच बाजूला उठून दिसला, तर त्याचा निर्देशांक चुकलेला आहे.

एका महिन्यावरून वर्षाचा अंदाज बांधतानाही आधी हंगाम वगळावा लागतो. ४३८ ला सरळ बाराने गुणले तर ५२५६ येतात, आणि गेल्या वर्षाच्या ६२३४ च्या तुलनेत धंदा कोसळल्यासारखा वाटतो. ५४७.५ ला बाराने गुणले तर ६५७० येतात. हा आकडा वास्तवाच्या जवळ आहे. मात्र वर्षभरात अजून होणारी वाढ त्यात धरलेली नाही.

उलट दिशेने: लक्ष्य महिन्यांत वाटणे

हंगाम पुन्हा घालायचा असेल तेव्हा निर्देशांकाने गुणावे. चौथ्या वर्षाचे लक्ष्य ६७८० नग ठरले असेल, तर महिन्याची सरासरी ५६५ होते. ऑक्टोबरचा वाटा ५६५ × १.३०१ = ७३५ आणि फेब्रुवारीचा ५६५ × ०.७८२ = ४४२. बहुतेक ठिकाणी वाटणी येथेच थांबते, पण तिच्यात वर्षभर पातळी एकसारखी राहील असे गृहीत धरलेले असते. आपल्या तक्त्यात तसे नाही. वर्ष २ च्या जूनची मध्यस्थ सरासरी ४६९.५ आणि वर्ष ३ च्या जूनची ५१७.३ आहे, म्हणजे महिन्याला सुमारे चार नगांची वाढ. वर्ष ३ च्या जूनपासून चौथ्या वर्षाचा फेब्रुवारी आठ महिन्यांवर आणि ऑक्टोबर सोळा महिन्यांवर आहे. तेव्हा फेब्रुवारीची पातळी ५१७.३ + ३२ = ५४९.३ आणि ऑक्टोबरची ५१७.३ + ६४ = ५८१.३ धरावी. निर्देशांकाने गुणल्यावर फेब्रुवारीसाठी ४३० आणि ऑक्टोबरसाठी ७५६ येतात. सपाट वाटणीने फेब्रुवारीत बारा नगांची तूट उगाच दिसली असती आणि ऑक्टोबरसाठी माल एकवीस नगांनी कमी ठेवला गेला असता.

रीत कोठे अपुरी पडते

गुणोत्तर काढताना आपण असे मानतो की विक्रीची पातळी वाढली की हंगामी चढ-उतारही त्याच प्रमाणात वाढतात. काही वस्तूंच्या बाबतीत तसे होत नाही. पातळी दुप्पट झाली तरी चढ्या महिन्यात जादा जाणारे नग तेवढेच राहतात. अशा वेळी गुणोत्तरे वर्षागणिक १०० कडे सरकत जातात, आणि भागाकाराऐवजी वजाबाकी करून किती नग जादा किंवा कमी, असा हिशोब ठेवावा लागतो. काही महिन्यांत विक्री शून्य किंवा दोन-चार नगांचीच असेल, तर गुणोत्तरे इतकी उड्या मारतात की त्यांची सरासरी काढण्यात अर्थ राहत नाही.

फेब्रुवारीच्या निर्देशांकात महिना लहान असण्याचाही भाग असतो. सरासरी महिना ३०.४ दिवसांचा आणि फेब्रुवारी २८ दिवसांचा, म्हणजे ९२ टक्के. ७८.२ ला ०.९२ ने भागले तर ८५ येतात, म्हणजे फेब्रुवारीची जी बावीस अंकांची तूट दिसते तिच्यातील सुमारे सात अंक केवळ दिवस कमी असल्यामुळे आहेत. नेहमीच्या कामासाठी हे वेगळे काढण्याची गरज नसते. पण लीप वर्षात किंवा दर दिवसाची विक्री ताडून पाहायची असेल तेव्हा आधी प्रत्येक महिन्याच्या विक्रीला दिवसांनी भागावे आणि मग पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी.

ज्या खरेदीचा काळ ठरावीक तारखेला बांधलेला नसतो आणि एका वर्षी एका महिन्यात तर दुसऱ्या वर्षी शेजारच्या महिन्यात पडतो, तिच्यामुळे त्या दोन्ही महिन्यांची गुणोत्तरे आळीपाळीने वर-खाली होतात. एकाचे वाढते त्याच वर्षी दुसऱ्याचे कमी होते, ही त्याची खूण आहे. दोघांची सरासरी कोणत्याही वर्षाला लागू पडत नाही. अशा वेळी ते दोन महिने मिळून एकच धरावेत, दोघांच्या विक्रीच्या बेरजेला दोघांच्या मध्यस्थ सरासरींच्या बेरजेने भागावे, आणि येणारा एकच निर्देशांक त्या जोडीच्या एकत्रित विक्रीला लावावा. त्या दोन महिन्यांपैकी एकट्या महिन्याचा हंगाममुक्त आकडा मग देता येत नाही, आणि तो देऊही नये.